विखुरलेल्या बिंदूंमधून रिग्रेशनची रेषा कशी बसते: आठ बिंदूंवर हाताने केलेलं गणित

सर्वेक्षणाचे आकडे सॉफ्टवेअरमध्ये भरले की रेषा क्षणात येते. ती नेमकी तिथूनच का गेली, दोन बोटं वरून किंवा थोडी तिरकी का गेली नाही, हे पडद्यावर कुठेच लिहिलेलं नसतं. समाजशास्त्र किंवा राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला पुढे शेकडो उत्तरदात्यांचा डेटा हाताळायचा असतो आणि तो हाताने सोडवायची वेळ कधीच येत नाही. तरीही एकदा आठ बिंदूंवर हे गणित वहीत करून पाहावं. रेषा कोणत्या बिंदूचं ऐकते आणि कोणत्या बिंदूकडे जवळपास दुर्लक्ष करते, हे त्यातून कळतं. पुढे होणाऱ्या बहुतेक चुका तिथेच असतात.

रिग्रेशनला मराठी पुस्तकांत समाश्रयण किंवा प्रतिगमन म्हणतात. वर्गात सगळे रिग्रेशनच म्हणतात, म्हणून इथेही तोच शब्द ठेवला आहे.

## आधी ठरवा: कशावरून काय सांगायचं आहे?

समजा प्रश्न असा आहे की शाळा-कॉलेजात घालवलेल्या वर्षांवरून माणसाच्या राजकीय माहितीचा अंदाज बांधता येतो का. आठ जणांना वीस सोपे प्रश्न विचारले आणि प्रत्येक बरोबर उत्तराला एक गुण दिला. शिक्षणाची वर्षं हा स्वतंत्र चल. तो आडव्या अक्षावर. गुण हा अवलंबी चल. तो उभ्या अक्षावर. ही वाटणी फक्त आलेख काढण्याची रीत नाही. अक्ष बदलले तर रेषाही बदलते. ते पुढे पाहूच.

खालचे आकडे समजावण्यासाठी रचलेले आहेत. भागाकार सुटसुटीत यावेत एवढीच त्यांची निवड.

| उत्तरदाता | वर्षं | गुण |
|---|---|---|
| क | ४ | ५ |
| ख | ६ | ४ |
| ग | ८ | १० |
| घ | ८ | ६ |
| च | १० | ११ |
| छ | १२ | ९ |
| ज | १४ | १२ |
| झ | १८ | १५ |

गणिताला हात घालण्याआधी हे आठ बिंदू आलेखाच्या कागदावर मांडा. बिंदू डावीकडून उजवीकडे वर चढताना दिसतात, पण एका ओळीत नाहीत. ग आणि घ या दोघांचं शिक्षण सारखंच, आठ वर्षं. गुण मात्र एकाला १० आणि दुसऱ्याला ६. कोणतीही सरळ रेषा या दोन्ही बिंदूंमधून जाऊ शकणार नाही. म्हणजे रेषा सगळ्या बिंदूंना स्पर्श करेल ही अपेक्षा सुरुवातीलाच सोडून द्यायची. प्रश्न इतकाच उरतो की चुकायचंच आहे तर कमीत कमी कशी चुकेल.

## पहिली पायरी: मध्यबिंदू

वर्षांची बेरीज ८०, आठने भागली की सरासरी १०. गुणांची बेरीज ७२, सरासरी ९. आलेखावर (१०, ९) या जागी एक फुली मारा. कोणत्याही उत्तरदात्याचा बिंदू तिथे नाही, तरी रिग्रेशनची रेषा या फुलीतूनच जाणार हे निश्चित. रेषेला फुलीवर एक खिळा ठोकला आहे आणि ती त्याभोवती फिरू शकते असं समजा. आता फक्त ती किती तिरकी ठेवायची हे ठरवायचं आहे. तेवढं कळलं की रेषा मिळाली.

## दुसरी पायरी: विचलनं आणि उतार

प्रत्येक बिंदू फुलीपासून आडवा किती लांब आणि उभा किती लांब आहे ते काढा. सरासरीपेक्षा कमी असेल तर उणे चिन्ह. मग दोन रकाने वाढवा: आडव्या विचलनाचा वर्ग, आणि आडव्या-उभ्या विचलनांचा गुणाकार.

| | वर्षांचं विचलन | गुणांचं विचलन | वर्षांच्या विचलनाचा वर्ग | दोन्ही विचलनांचा गुणाकार |
|---|---|---|---|---|
| क | −६ | −४ | ३६ | २४ |
| ख | −४ | −५ | १६ | २० |
| ग | −२ | १ | ४ | −२ |
| घ | −२ | −३ | ४ | ६ |
| च | ० | २ | ० | ० |
| छ | २ | ० | ४ | ० |
| ज | ४ | ३ | १६ | १२ |
| झ | ८ | ६ | ६४ | ४८ |
| बेरीज | ० | ० | १४४ | १०८ |

पहिल्या दोन रकान्यांची बेरीज शून्य यायलाच हवी. नाही आली तर सरासरी किंवा वजाबाकी चुकली आहे. पुढे जाऊ नका. वहीत सगळ्यात जास्त चूक होते ती शेवटच्या रकान्यात, उणे गुणिले उणे लिहिताना.

आता उतार म्हणजे शेवटची बेरीज भागिले तिच्या आधीची:

१०८ ÷ १४४ = ०.७५

रेषा फुलीतून जाते, म्हणून आंतरछेद, म्हणजे शून्य वर्षांवर रेषेची उंची, हा सरासरी गुणांतून उतार गुणिले सरासरी वर्षं वजा करून मिळतो:

९ − (०.७५ × १०) = १.५

रेषेचं समीकरण तयार झालं: अंदाजे गुण = १.५ + ०.७५ × वर्षं. ती काढायला दोन बिंदू पुरतात. ४ वर्षांवर ४.५ आणि १८ वर्षांवर १५ घ्या, पट्टी ठेवा आणि रेघ ओढा. पट्टी फुलीवरून गेली नाही तर कुठेतरी हिशेब फसला आहे.

## हा भागाकार खरं तर काय करतो

सूत्र पाठ करून इथे थांबता येतं, पण मग १०८ भागिले १४४ ही जादूच राहते. तिच्याकडे असं पाहा. फुलीपासून प्रत्येक उत्तरदात्यापर्यंत एक स्वतंत्र दोरी ताणली आहे. क ची दोरी सहा वर्षं मागे आणि चार गुण खाली जाते, म्हणजे तिचा उतार ४ ÷ ६, सुमारे ०.६७. ख ची दोरी ५ ÷ ४, म्हणजे १.२५. ग ची दोरी चक्क उलटी, −०.५. जितके जण, तितकी मतं.

रिग्रेशनचा उतार म्हणजे या सगळ्या मतांची सरासरी, पण प्रत्येकाला सारखं मत नाही. ज्याचं आडवं विचलन जितकं, त्याच्या वर्गाइतकं त्याच्या मताचं वजन. एकूण वजन १४४. त्यातलं झ कडे ६४, म्हणजे सुमारे ४४ टक्के. क कडे ३६, म्हणजे २५ टक्के. ग, घ आणि छ यांच्याकडे प्रत्येकी ४, तीन टक्क्यांहून कमी. आणि च? तो बरोबर सरासरी वर्षांवर उभा असल्यामुळे उताराच्या बाबतीत त्याला मतच नाही.

आठ माणसांचा डेटा म्हणून आपण जे लिहिणार, त्यातल्या उताराचा जवळपास सत्तर टक्के भार दोनच माणसांवर आहे. सर्वेक्षण शेकडो जणांचं असलं तरी ही विषमता राहते, फक्त ती डोळ्यांना दिसत नाही.

## तिसरी पायरी: शेष काढा आणि बसवणी तपासा

प्रत्येकाच्या खऱ्या गुणांतून रेषेने सांगितलेले गुण वजा करा. उरतो त्याला शेष म्हणतात. तुलनेसाठी शेजारी आणखी एक रेषा घेऊ. फुलीतूनच जाणारी, पण अधिक चढी: गुण = वर्षं − १, म्हणजे उतार १.

| | खरे गुण | रिग्रेशनचा अंदाज | शेष | चढ्या रेषेचा अंदाज | शेष |
|---|---|---|---|---|---|
| क | ५ | ४.५ | ०.५ | ३ | २ |
| ख | ४ | ६ | −२ | ५ | −१ |
| ग | १० | ७.५ | २.५ | ७ | ३ |
| घ | ६ | ७.५ | −१.५ | ७ | −१ |
| च | ११ | ९ | २ | ९ | २ |
| छ | ९ | १०.५ | −१.५ | ११ | −२ |
| ज | १२ | १२ | ० | १३ | −१ |
| झ | १५ | १५ | ० | १७ | −२ |

दोन्ही रेषांच्या शेषांची बेरीज करून पाहा. दोन्हीकडे शून्य. फुलीतून जाणाऱ्या कोणत्याही रेषेसाठी ती शून्यच येते, अगदी ९ गुणांवर आडवी ओढलेली रेघ असली तरीही. वरचे आणि खालचे फरक एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून ‘शेषांची बेरीज शून्य आली, रेषा बरोबर’ हे म्हणणं अपुरं आहे.

यावर उपाय म्हणजे शेषांचे वर्ग करून मग बेरीज करणं. रिग्रेशन रेषेसाठी ०.२५ + ४ + ६.२५ + २.२५ + ४ + २.२५ = १९. चढ्या रेषेसाठी ४ + १ + ९ + १ + ४ + ४ + १ + ४ = २८. आडव्या रेघेसाठी १००. फुलीतून जाणाऱ्या रेषेचा उतार काहीही ठेवा, वर्गांची बेरीज नेहमी

१९ + १४४ × (उतार − ०.७५)²

इतकी येते. उतार १ घातला की कंसात ०.२५, त्याचा वर्ग ०.०६२५, गुणिले १४४ म्हणजे ९, आणि १९ मिळवून २८. जमलं. कंसाचा वर्ग कधीच उणे होत नाही, त्यामुळे बेरीज १९ च्या खाली जाऊ शकत नाही, आणि १९ फक्त ०.७५ ला मिळते. रेषा फुलीतून नेली नाही तर ही बेरीज आणखी वाढते. हीच लघुतम वर्ग पद्धत. लेजांद्रने ती १८०५ मध्ये छापली. गाउसने १८०९ मध्ये ती मांडताना आपण १७९५ पासून वापरतो आहोत असा दावा केला, आणि श्रेयाचा वाद सुरू झाला.

वर्गच का, उणे चिन्ह नुसतं पुसून का नाही? तशी पद्धतही आहे आणि काही ठिकाणी ती अधिक शहाणी ठरते. पण तिच्यात कधीकधी एकाहून अधिक रेषा सारख्याच चांगल्या निघतात, आणि उत्तराला असं साधं सूत्र नसतं. वर्ग घेतले की उत्तर एकच आणि ते एका भागाकारात मिळतं. त्याची किंमत अशी की मोठ्या चुका फार मोठ्या दिसतात: चार गुणांचा एक शेष एकेका गुणाच्या सोळा शेषांइतका जड. रेषा मोठ्या चुका टाळण्यासाठी लहान चुका आनंदाने सहन करते.

वहीतली रेषा तपासायची पक्की खूण अशी: शेषांची बेरीज शून्य हवी, आणि प्रत्येक शेष त्याच्या वर्षांनी गुणून आलेली बेरीजही शून्य हवी. इथे २ − १२ + २० − १२ + २० − १८ = ०. चढी रेषा पहिल्या परीक्षेत पास होते, या दुसरीत नापास.

## नजरेने ओढलेली रेषा चढी का होते

वर्गात हेच बिंदू देऊन पट्टीने रेषा ओढायला सांगितली, तर बहुतेकांची रेषा ०.७५ पेक्षा चढी येते. यात हाताचा दोष नाही. नजर बिंदूंच्या ढगाचा लांब अक्ष शोधते आणि बिंदूपासून रेषेपर्यंतचं सर्वांत जवळचं, तिरकं अंतर मोजते. रिग्रेशन मात्र फक्त उभं अंतर मोजतं, कारण आपल्याला गुणांचा अंदाज करायचा आहे आणि चूक गुणांतच होते. वर्षं दिलेली आहेत. त्यांच्यात चूक धरलेली नाही.

हे आकड्यांत असं दिसतं. गुणांच्या विचलनांच्या वर्गांची बेरीज १००, वर्षांची १४४. दोन्हींची वर्गमुळं १० आणि १२. ढगाच्या लांबीच्या दिशेने जाणारी रेषा साधारण १० ÷ १२, म्हणजे ०.८३ उताराची. सहसंबंध गुणांक, म्हणजे बिंदू एका सरळ रेषेच्या किती जवळ जमले आहेत याचं माप, १०८ ÷ (१० × १२) = ०.९. आणि ०.८३ चा ०.९ पट म्हणजे पुन्हा आपला ०.७५. सहसंबंध पूर्ण नसेल तर रिग्रेशनची रेषा नेहमीच ढगाच्या अक्षापेक्षा चपटी असते. या शास्त्राला नाव मिळालं तेही या चपटेपणामुळेच. फ्रान्सिस गॉल्टनने १८८६ च्या निबंधात दाखवलं की उंच आईवडिलांची मुलं सरासरीपेक्षा उंच असतात, पण आईवडील सरासरीपासून जितके दूर, त्याच्या सुमारे दोन तृतीयांशच दूर. त्याला त्याने सरासरीकडे परत येणं, अर्थात रिग्रेशन, म्हटलं.

आता अक्ष उलटे करा. गुणांवरून वर्षांचा अंदाज करायचा तर उतार १०८ ÷ १०० = १.०८ वर्षं प्रतिगुण. तो ०.७५ ने उलटा भागून आलेला १.३३ नाही. म्हणजे ‘एक वर्ष म्हणजे पाऊण गुण’ हे वाक्य उलटवून ‘एक गुण म्हणजे सव्वा वर्षाहून जास्त शिक्षण’ असं लिहिता येत नाही. दोन प्रश्न वेगळे, दोन रेषा वेगळ्या. त्या फक्त फुलीत एकमेकींना छेदतात.

## सॉफ्टवेअरमध्ये

एक्सेलमध्ये वर्षं A2 ते A9 आणि गुण B2 ते B9 या खणांत असतील तर:

```
=SLOPE(B2:B9, A2:A9)
=INTERCEPT(B2:B9, A2:A9)
```

कंसात आधी उभ्या अक्षाचे आकडे, मग आडव्या. इथेच खूप जण फसतात, कारण डेटा भरताना क्रम उलटा असतो. अदलाबदल झाली तर एक्सेल काही तक्रार करत नाही, ०.७५ ऐवजी मुकाट १.०८ देतं.

आर वापरत असाल तर:

```r
x <- c(4, 6, 8, 8, 10, 12, 14, 18)
y <- c(5, 4, 10, 6, 11, 9, 12, 15)
m <- lm(y ~ x)
plot(x, y)
abline(m)
summary(m)
```

`lm(y ~ x)` वाचायचं ते ‘y चा अंदाज x वरून’. उत्तरात `(Intercept)` समोर 1.5 आणि `x` समोर 0.75 दिसायला हवं. `summary` मधला `Multiple R-squared` 0.81 येईल. त्याचा अर्थ वर काढलेल्या दोन बेरजांमध्येच आहे. काहीच माहीत नसताना सगळ्यांना सरासरी ९ गुण सांगितले तर चुकांच्या वर्गांची बेरीज १००. रेषा वापरली तर १९. म्हणजे शंभरातला ८१ इतका भाग रेषेने कमी केला. एकेका माणसाच्या सर्वेक्षणांत इतका मोठा आकडा क्वचितच दिसतो. तुमच्या डेटात ०.१० आला म्हणून रेषा चुकली असं समजू नका. माणसं एकमेकांपासून फार वेगळी असतात, एवढंच तो सांगतो.

## रेषा बिघडते कुठे

मताचं वजन लक्षात असेल तर बिघाड ओळखणं सोपं जातं. एक प्रयोग करा. च चे गुण ११ ऐवजी चुकून ३ टाइप झाले, आठ गुणांची घसरण. उतार? जसाच्या तसा ०.७५, कारण च ला उताराच्या बाबतीत मत नाही. सरासरी गुण ९ वरून ८ वर येतात, आंतरछेद १.५ वरून ०.५ होतो. रेषा एक गुण खाली सरकते, तिरकेपणा तोच.

तीच आठ गुणांची चूक झ च्या बाबतीत करा: १५ ऐवजी ७. गुणाकारांची बेरीज ८ × ८ = ६४ ने घटून ४४ होते, आणि उतार ४४ ÷ १४४, जेमतेम ०.३१. एका माणसाच्या एका नोंदीने ‘वर्षाला पाऊण गुण’ हा निष्कर्ष ‘वर्षाला तीन दशांश गुण’ झाला. चूक तेवढीच, फक्त ती फुलीपासून लांब झाली. तराफ्याच्या मध्यावर बसलेला माणूस हलला तर काही होत नाही, टोकाचा हलला की तराफा कलतो, तसं. या ताकदीला लीव्हरेज म्हणतात, आणि आरमध्ये ती `hatvalues(m)` ने मिळते. झ ची ०.५७ आहे, च ची ०.१२५. सगळ्या किमतींची बेरीज नेहमी २ येते, म्हणजे आठ जणांत सरासरी ०.२५. सरासरीच्या दुपटीहून पुढे गेलेल्या नोंदीची मूळ प्रश्नावली काढून पाहायची, असा साधा नियम ठेवावा.

नोंद खरी असेल तर ती ठेवायची. रेषेला आवडत नाही म्हणून माणूस काढून टाकता येत नाही. त्याच्यासह आणि त्याच्याविना असे दोन्ही उतार लिहायचे. गंमत म्हणजे मूळ डेटातून झ ला पूर्ण वगळलं तरी उतार ०.७५ च राहतो, कारण त्याचा शेष शून्य होता: तो बाकीच्यांशी सहमतच होता. लीव्हरेज म्हणजे बिघडवण्याची क्षमता. तिचा वापर झालाच असेल असं नाही.

सर्वेक्षणाच्या डेटातला सगळ्यात नेहमीचा घोळ मात्र वेगळाच आहे. उत्तर न देणाऱ्यासाठी अनेक प्रश्नावल्यांत ९९ हा संकेतांक वापरतात. समजा नवव्या उत्तरदात्याने शिक्षण सांगितलं नाही, त्याचे गुण ८, आणि वर्षांच्या रकान्यात ९९ तसाच राहिला. सॉफ्टवेअरच्या लेखी हा माणूस ९९ वर्षं शिकला. सरासरी वर्षं १० वरून जवळपास २० वर जातात. उतार ०.७५ वरून ०.००४ होतो आणि R² ०.८१ वरून ०.००१ वर. एका खणातल्या दोन अंकांनी शिक्षणाचा सगळा संबंध पुसून टाकला.

आता सगळ्यात फसवी गोष्ट. या खोट्या नोंदीचा शेष फक्त −१.२ आहे. खऱ्या झ चा शेष मात्र ६.१. शेष पाहून दोषी शोधायला गेलात तर निरपराध झ वर बोट जाईल, कारण ९९ ने रेषा स्वतःकडे ओढून घेतली आहे आणि तो तिच्या कुशीत बसला आहे. त्याची लीव्हरेज मात्र ०.९८ निघते, एकापेक्षा जास्त ती होऊच शकत नाही. म्हणून शेष तपासण्याआधी आडव्या चलाची किमान आणि कमाल किंमत पाहावी. आरमध्ये `range(x)`, आणि ९९ दिसला तर

```r
x[x == 99] <- NA
```

मग `lm` ती नोंद आपोआप बाजूला ठेवतं. पण ९९ ही खरी किंमतही असू शकते अशा चलात, उदाहरणार्थ वयात, ही ओळ डोळे मिटून चालवू नका. कोणत्या प्रश्नाला कोणता संकेतांक हे कोडबुकात पाहूनच ठरवा.

दुसरा बिघाड वक्रतेचा. संबंध आधी झपाट्याने चढत असेल आणि मग सपाट होत असेल, तरी सूत्र निमूटपणे सरळ रेषाच देईल. फ्रान्सिस अॅन्स्कमने १९७३ मध्ये अकरा-अकरा बिंदूंचे चार संच प्रसिद्ध केले. चारही संचांची रेषा जवळपास हुबेहूब, ३ + ०.५ × x, आणि R² ही तोच, ०.६७. आलेखावर मात्र एक साधा विखुरलेला ढग, एक स्वच्छ वक्र, एकात एक बिंदू भरकटलेला, आणि एकात सगळा उतार एकाच टोकाच्या बिंदूने ठरवलेला. वक्रता ओळखायला शेषांचा आलेख काढा, आडव्या अक्षावर अंदाज आणि उभ्यावर शेष: `plot(fitted(m), resid(m))`. शेष डावीकडे उणे, मधे अधिक आणि उजवीकडे पुन्हा उणे असे कमानीसारखे दिसले तर सरळ रेषा चुकीची निवड आहे. ते नरसाळ्यासारखे एका बाजूला पसरत गेले तर उतार साधारण ठीक असतो, पण उताराचं विश्वास अंतराल, जे पुढच्या भागात काढलं आहे, भरवशाचं राहत नाही.

## अहवालात काय लिहायचं

०.७५ हा या आठ जणांचा उतार. दुसरे आठ जण निवडले असते तर वेगळा आला असता. किती वेगळा, याचा अंदाज शेषांवरूनच येतो. वर्गांची बेरीज १९ भागिले ६ (आठ बिंदू, त्यातून रेषेचे दोन आकडे ठरवले म्हणून दोन वजा), तिचं वर्गमूळ सुमारे १.७८ गुण. रेषा एका माणसाबद्दल साधारण इतकी चुकते. हा आकडा १४४ च्या वर्गमुळाने, म्हणजे १२ ने, भागला की उताराची प्रमाण त्रुटी मिळते: ०.१५. वरच्या भाजकातल्या ६ ला स्वातंत्र्य मात्रा म्हणतात. सहा मात्रांसाठी टी-तक्त्यातली किंमत २.४४७, म्हणून ९५ टक्के विश्वास अंतराल साधारण ०.३९ ते १.११. भाजक पुन्हा तोच १४४ आहे हे पाहा. उत्तरदाते शिक्षणाच्या बाबतीत जितके पसरलेले, तितका उतार पक्का. सगळे दहावी-बारावीचेच घेतले असते तर शंभर जणांनीही रेषा डुगडुगती राहिली असती.

वाक्य लिहिताना ‘एक वर्ष जास्त शिकल्याने गुण ०.७५ ने वाढतात’ असं लिहू नये. कुणालाही एक वर्ष जास्त शिकवून पाहिलेलं नाही. वेगवेगळ्या माणसांची तुलना केली आहे, आणि जास्त शिकलेल्यांच्या घरात कदाचित पुस्तकं, वर्तमानपत्रं, राजकारणावरच्या गप्पाही जास्त असतील. ‘ज्यांच्या शिक्षणात एका वर्षाचा फरक आहे त्यांच्या गुणांत सरासरी ०.७५ चा फरक दिसतो’ एवढंच या रेषेच्या हातात आहे.

आंतरछेद १.५ हाही जपून वाचावा. डेटात चार वर्षांहून कमी शिकलेलं कोणी नाही, त्यामुळे शून्य वर्षांवरची उंची ही फक्त रेषा मागे ओढल्यामुळे मिळालेली जागा आहे. दुसऱ्या टोकालाही तेच. रेषा अशीच पुढे नेली तर पंचवीस वर्षांवर ती २०.२५ गुण सांगते, आणि प्रश्न तर वीसच होते.